नाकतोड्याला नाक नाही, मग तो श्वास कुठून घेतो?



प्राण्यांच्या श्वसनावर परीक्षेत जोड्या लावायला येतात. कीटक – श्वासनलिका, बेडूक – त्वचा व फुप्फुसे, सस्तन प्राणी – फुप्फुसे. मुलं पटापट जोड्या लावतात, पैकीच्या पैकी गुण मिळवतात. पण त्याच मुलाला विचारून बघा, "झुरळाचं डोकं पाण्यात बुडवलं आणि बाकीचं अंग बाहेर ठेवलं, तर ते गुदमरेल का?" बहुतेक मुलं "हो" म्हणतात. उत्तर आहे "नाही". कारण झुरळ तोंडाने किंवा डोक्याने श्वास घेतच नाही. म्हणजे जोडी पाठ असते, पण तिचा अर्थ मनात उतरलेला नसतो. तो कसा उतरवता येईल, ते आज बघू या.

प्रश्न एकच: ऑक्सिजन पेशीच्या दारात कसा पोहोचतो?

मुंगी असो, बेडूक असो की गाय, शरीरातल्या प्रत्येक पेशीला ऑक्सिजन लागतो. अडचण अशी की ऑक्सिजन हवेत झपाट्याने पसरतो, पण पाण्यात फार हळू. हा फरक साधारण दहा हजार पटींचा आहे. आणि पेशी तर ओल्याच असतात. म्हणजे शेवटचा टप्पा ओलाव्यातूनच पार करावा लागतो, आणि तो जितका छोटा तितकं बरं. कीटक, बेडूक आणि सस्तन प्राणी या तिघांनी ही एकच अडचण तीन वेगळ्या रीतींनी सोडवली आहे. धडा शिकवताना एवढा एक धागा हातात धरला, तरी पुष्कळ होतं.

कीटक: हवा थेट घरपोच

पावसाळ्यात गवतावर नाकतोडा सहज सापडतो. नावात 'नाक' आहे, पण त्याला श्वास घ्यायचं नाक नाही. भिंगातून त्याच्या पोटाची बाजू नीट बघा. प्रत्येक वळ्याच्या कडेला एक बारीक ठिपका दिसेल. ते श्वासरंध्र. नाकतोड्याला आणि झुरळाला अशा दहा जोड्या असतात, दोन छातीवर आणि आठ पोटावर. या छिद्रांना झडपा असतात. कीटक त्या गरजेप्रमाणे उघडतो आणि मिटतो, कारण छिद्र उघडं राहिलं की अंगातली वाफही बाहेर जाते.

छिद्राच्या आत श्वासनलिका सुरू होतात. झाडाच्या फांद्यांसारख्या त्या फुटत जातात आणि शेवटी केसापेक्षा कितीतरी पट बारीक होऊन पेशींना जाऊन भिडतात. नळी दबून मिटू नये म्हणून तिच्या भिंतीत स्प्रिंगसारखी वेटोळी असतात, अगदी वॉशिंग मशीनच्या पाइपासारखी. झुरळाने टाकलेली कात घरात सापडली तर आत पांढरे धागे दिसतात का ते बघा. ते जुन्या श्वासनलिकांचं अस्तर असतं. कात टाकताना तेही बाहेर येतं.

इथे मुलांचा एक गोंधळ हमखास होतो. माणसाच्या घशाखालच्या नळीलाही आपण श्वासनलिकाच म्हणतो. पण आपली श्वासनलिका हवा फक्त फुप्फुसापर्यंत नेते, पुढचं काम रक्त करतं. कीटकाची श्वासनलिका हवा पेशीच्या दारापर्यंत नेते. शब्द एक, काम वेगळं. फळ्यावर दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी काढली की हा फरक लगेच लक्षात येतो.

म्हणूनच झुरळाचं रक्त लाल नसतं. त्यात ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिन नाही, कारण ते काम रक्ताकडे नाहीच. "मग डास मारल्यावर लाल रक्त कसं दिसतं?" असं मुलं विचारणारच. ते आपलंच, किंवा जनावराचं, त्याने नुकतंच प्यायलेलं रक्त असतं.

या पद्धतीला मर्यादाही आहे. बारीक नळ्यांतून हवा मुख्यतः आपोआप पसरते. नाकतोडा पोट आत-बाहेर करून तिला थोडी मदत करतो, ती हालचाल आपल्याला दिसतेसुद्धा. पण अंतर वाढलं की ही रीत अपुरी पडू लागते. कीटक छोटे राहण्यामागचं हे एक कारण मानलं जातं. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी हवेत ऑक्सिजन आजच्यापेक्षा बराच जास्त होता. त्या काळी चतुरासारख्या एका कीटकाचे पंख टोकापासून टोकापर्यंत दोन फुटांहून मोठे होते.

द्राक्षबागेतलं उदाहरण

आपल्या नाशिकच्या मुलांना हे समजवायला द्राक्षबाग उत्तम. बागेत पिठ्या ढेकूण येतो, अंगावर पांढरं पीठ माखलेला. पावसाने तो सहसा मरत नाही. का? श्वासरंध्र इतकं बारीक असतं की पाण्याचा थेंब त्यात शिरत नाही, वरच गोल होऊन बसतो. शिवाय अंगावरचं मेणाचं पीठ पाणी झटकून टाकतं. पण पाण्यात साबण घातला की पाण्याचा ताण कमी होतो, ते मेणावर पसरतं आणि छिद्रांत शिरतं. फवारणीच्या तेलाचंही तसंच. ते छिद्रांवर थर धरतं आणि हवा बंद होते. घरातल्या झुरळावर साबणाचं पाणी पडलं की ते काही मिनिटांत उलटं पडतं, त्याचं मुख्य कारण हेच.

या उपायाची मर्यादाही मुलांना सांगा. ज्या किड्याच्या अंगावर फवारा प्रत्यक्ष पडला तोच मरतो. खोडाच्या सालीखाली लपलेला वाचतो. म्हणून शेतकऱ्याला साल काढावी लागते आणि फवारणी पुन्हा करावी लागते. शिवाय साबण किंवा तेल जास्त झालं तर पानं करपतात आणि द्राक्षाच्या मण्यांवरची नैसर्गिक पांढरट झाक जाते. ज्यांच्या घरी बाग आहे ती मुलं यात आपणहून भर घालतात.

बेडूक: कातडी आणि गिळलेली हवा

बेडकाकडे हवा घेण्याच्या दोन मुख्य वाटा आहेत. पहिली त्वचा. ती पातळ, ओली, आणि खाली रक्तवाहिन्यांचं दाट जाळं. हवेतला किंवा पाण्यातला ऑक्सिजन त्या ओलाव्यात विरघळतो आणि रक्तात जातो. कार्बन डायऑक्साइड तर बराचसा त्वचेतूनच बाहेर पडतो. बेडूक पाण्याखाली शांत बसलेला असताना, किंवा उन्हाळ्यात मातीत गाडून घेऊन निपचित पडलेला असताना त्याची गरज कमी असते. तेव्हा त्वचेवर त्याचं भागतं.

पण पावसाळ्यात उड्या मारायच्या, ओरडायचं, भक्ष्य पकडायचं म्हटलं की तेवढ्यावर भागत नाही. मग फुप्फुसं. ती साध्या पिशव्यांसारखी, आत थोडेसे कप्पे असलेली. बेडकाला आपल्यासारखा बरगड्यांचा पिंजरा नाही आणि श्वासपटलही नाही. मग हवा आत जाते कशी? तो घशाचा तळ खाली करतो, नाकपुड्यांतून हवा तोंडात येते. मग नाकपुड्या मिटतो, घशाचा तळ वर उचलतो आणि हवा फुप्फुसांत ढकलतो. थोडक्यात, बेडूक हवा गिळतो. म्हणूनच त्याचं तोंड कोणी उघडं धरून ठेवलं तर त्याला फुप्फुसांत हवा भरता येत नाही. आपल्या अगदी उलट!

बेडकाचा घसा सतत धडधडताना दिसतो. मुलांना वाटतं प्रत्येक धडधड म्हणजे एक श्वास. तसं नाही. त्यातल्या बऱ्याचशा हालचालींत फक्त तोंडातली हवा बदलते, मधूनच एखादी जोराची हालचाल फुप्फुसं भरते. आणि जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसात पिवळेधमक होऊन निळे फुगे फुगवणाऱ्या नर बेडकांचे व्हिडिओ तुम्ही मोबाइलवर पाहिले असतील. ते फुगे श्वासाचे नव्हेत, आवाजाचे. फुप्फुसातली हवा आवाजाच्या पडद्यावरून त्या पिशव्यांत येते आणि डराव डराव घुमतं.

पालकांसाठी एक गोष्ट मुद्दाम. मुलं बेडूक पकडून बरणीत ठेवतात आणि झाकणाला भोकं पाडली की झालं, असं समजतात. बेडकाला नुसती हवा पुरत नाही, ओलावाही लागतो. कातडी सुकली की त्वचेची वाट बंद होते आणि अंगातलं पाणीही उडून जातं. बरणी कोरडी असेल तर भोकं असूनही तो मरतो. जी त्वचा ऑक्सिजन आत घेते तीच शेतातलं औषधही आत घेते. म्हणून सॅनिटायझर किंवा मीठ लागलेल्या हाताने बेडकाला धरू देऊ नका. बघायचाच असेल तर जागेवरच बघू द्या.

सस्तन प्राणी: आतली घडी आणि रक्ताची गाडी

आपण त्वचेने श्वास का घेत नाही? आपली कातडी जाड आणि कोरडी आहे हे एक कारण. दुसरं कारण गणिताचं आहे, आणि ते पाचवीच्या मुलांनाही करता येतं. 1 सेंटीमीटर बाजूच्या ठोकळ्याचं पृष्ठफळ 6 चौरस सेंटीमीटर आणि घनफळ 1 घन सेंटीमीटर. आता बाजू 10 सेंटीमीटर घ्या. पृष्ठफळ 600, पण घनफळ 1000. म्हणजे आधी प्रत्येक घन सेंटीमीटरच्या वाट्याला 6 चौरस सेंटीमीटर कातडी होती, आता फक्त 0.6. शरीर मोठं झालं की कातडी पुरत नाही.

त्यात सस्तन प्राण्यांचं रक्त गरम, म्हणून ऑक्सिजनची गरज आणखी जास्त. यावर उपाय म्हणजे पृष्ठभाग आत घडी घालून ठेवायचा. माणसाच्या दोन फुप्फुसांत कोट्यवधी वायुकोश असतात. ते सगळे पसरले तर सुमारे 70 चौरस मीटर जागा व्यापतील. आपली कातडी मात्र दोन चौरस मीटरपेक्षाही कमी. श्वासपटल खाली जातं, छातीची पोकळी मोठी होते आणि हवा आत ओढली जाते. वायुकोशांच्या ओल्या भिंतीतून ऑक्सिजन रक्तात जातो आणि हृदय ते रक्त पेशीपेशीला पोहोचवतं. देवमासा पाण्यात राहतो, पण सस्तन असल्याने हवेसाठी त्याला वर यावंच लागतं. बेडकासारखी त्वचेची सोय त्याला नाही.

वर्गात दाखवायला एक साधी पिचकारी पुरते. दट्ट्या मागे ओढला की हवा आत येते, तो आपला श्वास. पिचकारीच्या टोकाला फुगा लावून दट्ट्या पुढे दाबला की फुगा भरतो, तो बेडकाचा श्वास.

उद्या वर्गात विचारा

1. झुरळाचं डोकं बाहेर आणि सगळं धड पाण्यात असेल तर? (श्वासरंध्रं पाण्याखाली गेली, काही वेळाने ते गुदमरेल.)
2. बेडकाला कोरड्या, भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवलं तर? (हवा आहे, ओलावा नाही. मरेल.)
3. गायीएवढा नाकतोडा का नसतो? (इतक्या आतपर्यंत नळ्यांतून पुरेसा ऑक्सिजन पोहोचणार नाही.)

हे प्रयोग जिवंत प्राण्यांवर करायचे नाहीत, फक्त विचाराने सोडवायचे. मुलांनी "का" सांगितलं तर जोडी लागली असं समजा. आणि एखाद्याने "मग गांडूळ कसं श्वास घेतं?" असं विचारलं, तर उत्तर लगेच देऊ नका. पाऊस पडल्यावर त्याच्या कातडीकडे त्यालाच बघू द्या.