डॅशने गिळलेले क्रियापद

सात हजार रुपयांचा घोळ एका आडव्या रेघेने केला होता. फर्निचर पुरवणाऱ्या एका व्यापाऱ्याने एका ऑफिसला मेल पाठवला. मेल छोटा होता, पाठवणाऱ्याच्या मनात काही काळेबेरे नव्हते. तरी त्या ऑफिसच्या अकाउंट्स विभागाने 59,500 रुपयांऐवजी 52,500 रुपये पाठवले. आठवडाभर दोन्हीकडून फोन झाले, आवाज चढले, आणि मग तो मेल माझ्या टेबलावर आला. ऑफिसांचा पत्रव्यवहार दुरुस्त करणे हेच माझे काम आहे. कोणाची ओळख पटू नये म्हणून माल आणि आकडे बदलले आहेत. चिन्हे मात्र जिथे होती तिथेच ठेवली आहेत.

"नमस्कार सर, आपण मागवलेल्या 40 खुर्च्यांपैकी 28 पोहोचल्या - बाकी 12 सोमवारी - बिल सोबत जोडले आहे 56,000, वाहतूक खर्च वेगळा - 3,500 - पूर्वी कळवल्याप्रमाणे, गोडाऊनला जागा नसल्यामुळे; माल थांबवला आहे - कृपया कळवावे."

आता हा मेल अकाउंटंटच्या डोळ्यांनी वाचा. त्याचा दिवस आकड्यांत जातो. '- 3,500' दिसले की त्याच्या मनात वजाबाकी सुरू होते, कारण कीबोर्डवर वजाचे चिन्ह आणि हायफन यांची कळ एकच आहे. त्याने 56,000 मधून 3,500 वजा केले. व्यापाऱ्याच्या हिशेबात ते मिळवायचे होते. दोन्ही बाजूंनी 3,500 चा फरक पडला, म्हणून एकूण तूट 7,000 झाली. 'वेगळा' हा शब्द समोर होता हे खरे. पण वेगळा म्हणजे बिलावर आणखी द्यायचा, की तुम्हीच परस्पर भरला आहे म्हणून वगळायचा? हे एका क्रियापदाने कळले असते. क्रियापदाच्या जागी रेघ होती.

माझ्या मते या विषयाचे मूळ इथे आहे. डॅश चुकीच्या ठिकाणी पडतो एवढीच तक्रार नाही. डॅश मारला की वाक्य पुरे करावे लागत नाही, आणि मराठीत वाक्य पुरे करते ते क्रियापद. 'बाकी 12 सोमवारी' एवढे लिहून रेघ ओढली की पाठवू, पोहोचतील, घेऊन जा यांतले काहीच ठरवावे लागत नाही. लिहिणाऱ्याला ते मनात माहीत असते. वाचणाऱ्याला अंदाज बांधावा लागतो. पूर्णविराम अशी मोकळीक देत नाही. त्याच्यापुढे 'बाकी 12 सोमवारी' हे तुकड्यासारखे दिसते आणि हात आपोआप 'पाठवू' लिहून जातो.

मराठीचा हा गुण जुना आहे. मोडीतल्या कागदपत्रांत आजच्यासारखी विरामचिन्हे नव्हती, शब्दसुद्धा सलग लिहिले जात. तरी वाचणाऱ्याला वाक्य कुठे संपले ते कळे, कारण क्रियापद शेवटी येई आणि थांबा सांगे. आज आपण लिहितो ती चिन्हे एकोणिसाव्या शतकात इंग्रजीच्या संपर्कातून मराठीत रुळली. त्या कामाचे श्रेय मुख्यतः मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. म्हणजे चिन्ह नंतर आले, वाक्याचा शेवट आधीपासून होता. म्हणून मराठी मेल दुरुस्त करताना मी आधी चिन्हाकडे पाहत नाही. चिन्हाच्या अलीकडचा शब्द कोणता आहे, ते पाहते.

तो शब्द आहे, झाले, पाठवले, द्यावे, करू, येतील असा असेल तर विधान पुरे झाले. तिथे सेमीकोलन असो वा डॅश, तो काढून पूर्णविराम देता येतो. पण तो शब्द नसल्यामुळे, कळवल्याप्रमाणे, पाठवून, आल्यावर, असता, की, तर असा असेल तर विधान अजून चालू आहे. तिथे सेमीकोलनही चूक आणि पूर्णविरामही चूक. फार तर स्वल्पविराम द्यावा, आणि बहुतेक वेळा तोही लागत नाही. 'गोडाऊनला जागा नसल्यामुळे; माल थांबवला आहे' यातला सेमीकोलन कारणाला परिणामापासून तोडतो. तो नुसता पुसला की वाक्य सरळ होते.

माझ्या पाहण्यात सेमीकोलनची सर्वाधिक होणारी चूक हीच आहे. दुसरी चूक मायन्याची: 'नमस्कार सर;' किंवा 'महोदय;'. तिथे स्वल्पविराम पुरतो. तिसरी चूक यादीच्या आधीची. 'पुढील कागदपत्रे जोडावीत;' असे लिहून खाली यादी दिलेली असते. यादी येत असल्याची खूण अपूर्णविराम देतो, म्हणजे एकाखाली एक असे दोन ठिपके. एक ठिपका आणि एक स्वल्पविराम म्हणजे अर्धविराम. दोन्ही चिन्हे दिसायला जवळची असल्याने ही गल्लत होते, आणि एकदा दाखवली की सहसा पुन्हा होत नाही.

पहिली चूक मात्र पुन्हा पुन्हा होते, आणि त्याला कारण आहे. शाळेत आपण अर्धविरामाचा नियम शिकलो तो असा: दोन छोटी वाक्ये उभयान्वयी अव्ययाने जोडलेली असतील तर पहिल्या वाक्यानंतर अर्धविराम द्यावा. उदाहरणार्थ, 'बिल मंजूर झाले; पण रक्कम जमा झाली नाही.' इथे 'पण' आहे आणि त्याच्या आधी अर्धविराम आहे. पुढे नोकरीत इंग्रजी मेल वाचायची सवय लागते. इंग्रजीत सेमीकोलन बहुधा 'पण', 'आणि' यांसारख्या शब्दाच्या जागीच येतो, तो शब्द गाळला जातो. दोन्ही सवयी एकत्र झाल्या की मनात एवढेच उरते: थोडे थांबायचे असेल तर सेमीकोलन. मग 'नसल्यामुळे' नंतर थांबावेसे वाटले की तिथेही तो पडतो. बोलताना आपण तिथे खरेच श्वास घेतो. पण श्वासाची जागा आणि वाक्य संपण्याची जागा दर वेळी एक नसते.

डॅशचा प्रसार कीबोर्डमुळेही झाला आहे. इनस्क्रिप्टने मराठी टाइप करणाऱ्यांना ठाऊक असेल, की इंग्रजी सेमीकोलनच्या कळीवर तिथे 'च' येतो, शिफ्ट दाबले तर 'छ'. हायफनची कळ मात्र जागच्या जागी आहे. घाईत बोट तिकडेच जाते. शिवाय वर्ड आणि आउटलुक टाइप करता करता कधी हायफनचा लांब डॅश करून टाकतात, कधी करत नाहीत. म्हणून एकाच मेलमध्ये आखूड रेघ, लांब रेघ आणि 'विषय :-' मधली जुन्या पत्रांतून आलेली रेघ अशा तीन तऱ्हा शेजारी शेजारी दिसतात. त्यांच्यातला फरक लिहिणाऱ्याने ठरवलेला नसतो, त्यामुळे वाचणाऱ्याला त्यातून काही कळतही नाही.

आता तो मेल दुरुस्त करू. मी व्यापाऱ्यासमोर बसून प्रत्येक रेघेवर बोट ठेवले आणि एकच प्रश्न विचारला: इथे काय होणार आहे? त्याने तोंडी जे सांगितले तेच लिहून घेतले.

"नमस्कार सर,
आपण मागवलेल्या 40 खुर्च्यांपैकी 28 आज पोहोचल्या. त्यांचे 56,000 रुपयांचे बिल सोबत जोडले आहे. वाहतूक खर्च या बिलात धरलेला नाही. पूर्वी कळवल्याप्रमाणे तो 3,500 रुपये आहे. कृपया एकूण 59,500 रुपये पाठवावेत.
आपल्या गोडाऊनला जागा नसल्यामुळे उरलेल्या 12 खुर्च्या थांबवल्या आहेत. त्या सोमवारी पाठवू. माल उतरवून घ्यायला कोण असेल, ते कृपया कळवावे."

मेल लांबला, हे खरे. पण लांबी कुठून आली ते पाहा. 'धरलेला नाही', 'पाठवावेत', 'पाठवू' ही रेघांनी गिळलेली क्रियापदे परत आली. गोडाऊन कोणाचे, हे पहिल्या मेलमध्ये कुठेच नव्हते. 'पूर्वी कळवल्याप्रमाणे' हे दोन चिन्हांच्या मध्ये अडकले होते. ते खर्चाला लागू की थांबवलेल्या मालाला, हे कळायला मार्ग नव्हता. आणि 'कृपया कळवावे' म्हणजे नेमके काय कळवावे, हे विचारल्यावर व्यापारी स्वतःच दोन क्षण थांबला. मग म्हणाला, "माल उतरवायला माणूस हवा ना ताई, तो कोण ते." एवढी साधी गोष्ट मेलमध्ये नव्हती.

पूर्णविरामालाही मर्यादा आहेत. डॅश पुसून तिथे नुसते टिंब ठेवले तर कधी दोन वाक्यांतले नाते हरवते. 'बिल मंजूर झाले. रक्कम जमा झाली नाही.' ही दोन्ही वाक्ये बरोबर आहेत, पण दुसरी तक्रार आहे की नुसती माहिती, हे समजत नाही. 'रक्कम मात्र जमा झाली नाही' म्हटले की समजते. पूर्णविरामानंतर 'मात्र', 'त्यामुळे', 'म्हणजे', 'तरीही' यांपैकी एखाद्या शब्दाची गरज आहे का, ते प्रत्येक वेळी पाहावे लागते. जर-तर आणि जो-तो यांच्या जोड्या तर पूर्णविरामाने तोडूच नयेत. 'जर सोमवारपर्यंत ऑर्डर आली नाही. तर दर बदलेल.' अशी वाक्येही मी पाहिली आहेत. छोटी वाक्ये लिहा, हा सल्ला कोणी तरी जरा जास्तच मनावर घेतलेला असतो.

अर्धविराम मी स्वतः एके ठिकाणी ठेवते. यादीतल्या प्रत्येक नोंदीत आधीच स्वल्पविराम असेल तर: 'पुणे, 12 जून; नाशिक, 14 जून; सोलापूर, 17 जून.' इथे तो नसेल तर कोणती तारीख कोणत्या गावाची, हे डोळ्यांना शोधावे लागते. नोंदी तीनहून जास्त झाल्या की मात्र एकेका ओळीवर एकेक गाव घेणे बरे.

आकड्यांच्या मधली रेघ मी कुठेच ठेवत नाही. 'मीटिंग 10-12' असा मेल आला, की कोणी 10 ते 12 वाजता समजतो, कोणी 10 डिसेंबर. '10-12 दिवसांत' म्हटले तर देणारा 12 मोजतो आणि घेणारा 10. तिथे 'सकाळी 10 ते दुपारी 12' लिहावे, किंवा '12 जूनपर्यंत माल मिळेल.' त्या व्यापाऱ्याने पुढच्या सोमवारी 12 खुर्च्या पाठवल्या, तेव्हा मेलमध्ये एकच ओळ होती: "12 खुर्च्या आज दुपारी 3 वाजता पोहोचतील, वाहतुकीचे वेगळे पैसे द्यायचे नाहीत."