काच विरघळवणारं आम्ल

१९९४ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ खडकांचे नमुने विरघळवत होता. तो एकटाच होता. सत्तर टक्के हायड्रोफ्लोरिक आम्ल त्याच्या मांड्यांवर सांडलं, फार तर पेलाभर. हातात मोजे होते, पण अंगावर एप्रन नव्हता, जवळ आपत्कालीन शॉवर नव्हता आणि कॅल्शियमचं जेलही नव्हतं. त्याने बारीक धारेच्या नळीने पाय धुतले आणि मागच्या पोहण्याच्या तलावात उडी घेतली. आठवड्याने त्याचा एक पाय कापावा लागला. पंधराव्या दिवशी तो गेला.

खडक विरघळवायला हेच आम्ल लागतं, कारण खडकातल्या सिलिकापुढे गंधकाम्ल किंवा नत्राम्ल हात टेकतं. सिलिकात सिलिकॉन ऑक्सिजनला घट्ट धरून असतो. फ्लोरिनशी त्याचं बंधन त्याहूनही घट्ट, म्हणून तो ऑक्सिजनला सोडून फ्लोरिनकडे जातो आणि सिलिकॉन टेट्राफ्लोराइड नावाचा वायू तयार होतो. काचही मुख्यतः सिलिकाच. त्यामुळे काचेच्या बाटलीत हे आम्ल भरलं तर बाटली आतून झिजते, आणि झाकण घट्ट असेल तर वायूच्या दाबाने फुटूही शकते. काचेचं पिपेट वापरलं तर माप बिघडतं आणि नमुन्यात काचेतलं सिलिकॉन मिसळतं. म्हणून इथे सगळी भांडी पॉलिथिनची किंवा टेफ्लॉनची असतात.

त्वचेचं गणित वेगळं आहे. पाण्यात हे आम्ल फारसं विघटित होत नाही. त्याचे अखंड रेणू कातडी ओलांडून खोल शिरतात आणि तिथे सुटलेलं फ्लोराइड रक्तातलं, हाडातलं कॅल्शियम पकडतं. रक्तातलं कॅल्शियम घसरलं की हृदयाचा ताल बिघडतो. विरळ आम्लाची फसवणूक अशी, की सुरुवातीला काहीच दुखत नाही. वीस टक्क्यांहून कमी असेल तर वेदना दिवसभराने सुरू होऊ शकतात. त्यामुळे दुखत नाही म्हणून घरी जायचं नाही.

अंगावर उडालं तर लगेच शॉवरखाली उभं राहून कपडे काढावेत. जेल हाताशी असेल तर पाच मिनिटं धुणं पुरे. नसेल तर मदत येईपर्यंत धूत राहावं. मग मदत करणाऱ्याने जाड मोजे घालून अडीच टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल त्या जागी चोळावं, पुन्हा पुन्हा लावावं, आणि रुग्णालयात नेईपर्यंत थांबू नये. वेदना कमी होणं ही उपचार लागू पडल्याची खूण आहे, म्हणून जागा बधिर करायची नाही. डोळ्यात गेलं तर जेल नाही, फक्त भरपूर पाणी आणि ताबडतोब डॉक्टर.

काम नेहमी धूर खेचणाऱ्या कपाटात, चेहऱ्यावर पूर्ण ढाल, जाड निओप्रीनचे मोजे आणि आम्लरोधक एप्रन घालून करावं, आणि खोलीत दुसरी व्यक्ती हवीच. नायट्राइलचे पातळ मोजे एकटे पुरत नाहीत. तुमच्या प्रयोगशाळेत हे आम्ल असेल तर जेलची ट्यूब कुठे आहे आणि तिची मुदत संपली आहे का, हे बाटली उघडण्याआधी पाहा.