मुलाला ताप आहे, सर: सकाळी साडेसहाचा मेसेज

रात्री मुलाचं अंग तापतं, थर्मामीटर १०२ दाखवतो. पहाटे चारला औषध पाजलं की मूल झोपतं आणि सहाच्या सुमाराला घामाने भिजून गार पडतं. आईबापांना वाटतं, सुटलो. डबा भरला जातो, मूल पाळणाघरात पोचतं, आणि दहा-अकराच्या दरम्यान ताईंचा फोन येतो, ‘पुन्हा तापलंय, घेऊन जा.’ पॅरासिटामॉलचा परिणाम साधारण चार ते सहा तास टिकतो. म्हणून सकाळी कपाळाला हात लावून ताप आहे की नाही एवढंच पाहून भागत नाही, शेवटचा डोस किती वाजता दिला होता तेही आठवावं लागतं. चारला दिला असेल, तर साडेसहाचं गार अंग हे औषधाचं काम आहे. तो दिवस घरी राहण्याचाच आहे, आणि ऑफिसला कळवायचं तर ते तेव्हाच कळवलेलं बरं. अकरा वाजता अर्धवट काम टाकून पळालेला माणूस सगळ्यांचीच अडचण करतो, स्वतःची तर सर्वांत जास्त.

आता मॅनेजरला सांगायचं काय? ‘मुलाला बरं नाही, आज घरून काम करते,’ असा एका ओळीचा मेसेज बहुतेक जण टाकतात. त्यात खोटं काहीच नसतं, पण मॅनेजरच्या हाती काही लागत नाही. मूल खरंच आजारी आहे का, ही शंका फार थोड्या मॅनेजरांच्या मनात येते. त्यांच्या डोक्यात दुसराच प्रश्न असतो: आज यांच्या हातातलं कोणतं काम अडणार? याचं उत्तर मेसेजमध्ये नसेल, तर ते मिळवायला मॅनेजर दिवसभर फोन करत राहतात.

एक उदाहरण तपशिलात घेऊ. पुण्यात औषधांचं घाऊक वितरण करणारी एक कंपनी आहे असं समजा. तिच्या अकाउंट्स विभागात काम करणाऱ्या बाईंचा मुलगा चार वर्षांचा. नवरा कामासाठी नाशिकला, सासूबाई गावी. आणि तारीख नेमकी सात. अकाउंट्समधल्या माणसाला या तारखेचं महत्त्व सांगावं लागत नाही. आदल्या महिन्यात कापलेला टीडीएस सात तारखेपर्यंत सरकारजमा करायचा असतो. चुकलं तर महिन्याला दीड टक्का व्याज, आणि महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना धरला जातो, म्हणजे एका दिवसाच्या उशिराचीही किंमत मोजावी लागते. बँकेचं पेमेंट दोघांच्या हातून होतं: बाई ते भरतात आणि सर आपल्या लॉगिनमधून मंजूर करतात.

त्या बाई बसल्या जागी पाच मिनिटं विचार करतात. आजच्या कामांपैकी मरणाचं निकडीचं एकच, ते चलन. आकडे कालच जुळवून झालेत. दुपारी तीनला एका पुरवठादाराबरोबर मीटिंग आहे, ती दुसरं कोणी घेऊ शकतं. बाकीची बिलं उद्यावर गेली तरी चालतील. मग दुसरा विचार: यातलं घरून काय होईल? टॅली ऑफिसच्या सर्व्हरवर आहे, पण लॅपटॉपवरून जोडता येतं. बँकेचा ओटीपी स्वतःच्याच मोबाइलवर येतो. डिजिटल सहीचा डोंगल मात्र ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आहे. टीडीएसच्या चलनाला तो लागत नाही, म्हणून आज निभावेल. तो लागणारं काम असतं, तर ‘घरून करते’ हे आश्वासन दुपारी दोनला फसलं असतं, आणि असल्या फसण्यानेच पुढच्या वेळची परवानगी अवघड होते.

साडेसहाला त्या लिहितात:

‘सर, गुड मॉर्निंग. मुलाला रात्रीपासून ताप आहे, १०२ होता. पाळणाघरात ठेवता येणार नाही आणि घरी आज दुसरं कोणी नाही, त्यामुळे ऑफिसला येऊ शकत नाही. सकाळी डॉक्टरांकडे नेते. पहिल्या अर्ध्या दिवसाची रजा टाकते, दीड ते साडेचार घरून काम करीन. टीडीएसचं चलन काल तयार झालंय, पेमेंट दोनपर्यंत टाकते, तुम्ही तीनच्या आत मंजूर केलंत तर आजच भरलं जाईल. तीनची मीटिंग मला जमणार नाही, ती कोणी घ्यायची ते तुम्ही सांगा, कागद मी दीडला पाठवते. बाकी बिलं उद्या. असं चालेल का? आठला फोन करते.’

या मेसेजचा क्रम नीट पाहावा. आधी घडलेली गोष्ट, दोन वाक्यांत. खोकला, उलट्या, रात्रभराचं जागरण यांची वर्णनं त्यात नाहीत, कारण मॅनेजरना त्यावर निर्णय घ्यायचा नसतो. मग ‘येऊ शकत नाही’ हे सरळ विधान. इथे पुष्कळ जण ‘येऊ का, की नको?’ असं विचारून बसतात आणि जे ठरलेलंच आहे त्याचा कौल दुसऱ्यावर सोपवतात. विचारायची गोष्ट आहे ती पुढची, घरून कामाची, आणि ‘चालेल का’ तिलाच लावलंय. शेवटी आठचा फोन. मेसेज साडेसहाला गेला तरी सर तो गाडी चालवताना पाहतील की दहाला, याचा भरवसा नसतो, आणि सात तारखेला तेवढा धोका घेऊ नये.

मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात ते तीन तास. दिवसभराचं काम कबूल करावं असा मोह होतो, विशेषतः बायकांना. मूल आजारी पडलं याचीच जणू भरपाई द्यायची आहे, अशा भावनेने त्या हो म्हणून बसतात. पण तापातलं चार वर्षांचं मूल मांडीवरून उतरत नाही. दर थोड्या वेळाने पाणी पाजायचं, अंग पुसायचं, कुशीत घ्यायचं. औषधानंतर ते तास-दीड तास झोपलं, तर आकड्यांचं काम त्याच वेळात करायचं. उरलेल्या वेळात ईमेलला उत्तरं देता येतात, एखादा फोन घेता येतो. म्हणजे तीन तास कबूल केले, तर एकाग्र काम दीड तासाचं होतं. चलनाला ते पुरतं. आठ तास कबूल केले असते, तर पाच वाजता बाई अपराधी चेहऱ्याने बसल्या असत्या आणि मुलगा दिवसभर ‘थांब जरा’ ऐकत राहिला असता.

सर चांगले असतील तर फोनवर म्हणतील, ‘अहो, रजा कशाला टाकता? दिवसभर घरूनच करा ना.’ हे मायेने म्हटलेलं असतं आणि नेमकं इथेच सावध राहायला हवं. रजा न टाकलेल्या माणसाला दहा वाजता फोन येतो, तेव्हा तो दवाखान्याच्या बाकावर नंबराची वाट पाहत बसलेला असतो. ‘थँक यू सर, पण दीडपर्यंत मी खरंच फोन घेऊ शकणार नाही, म्हणून अर्धी रजाच राहू दे,’ असं उत्तर द्यावं. हजेरीच्या नोंदीत जे घडलं तेच दिसतं आणि नंतर कोणी बोट दाखवू शकत नाही. त्याच कारणाने पगारपत्रकं किंवा ग्राहकांच्या याद्या स्वतःच्या खासगी ईमेलवर किंवा व्हॉट्सॲपवर मागवू नयेत. ऑफिसच्या लॅपटॉपवर उघडत नसेल, तर ते काम त्या दिवशी होत नाही असं कळवावं.

सर ‘नाही’ही म्हणू शकतात. खासगी नोकरीत घरून काम मिळण्याचा सर्वसाधारण हक्क आपल्याकडे नाही, ती समजुतीची गोष्ट आहे. रजेचं तसं नाही. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या दुकानं-कार्यालयांना लागू असलेल्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यात वर्षाला आठ दिवसांची पगारी नैमित्तिक रजा आहे आणि ती अशाच दिवसांसाठी असते. घरून कामाला नकार आला, तर वाद न घालता पूर्ण दिवसाची रजा मागावी आणि चलनासाठी सरांनी दुसऱ्या कोणाला नेमावं, यासाठी आकड्यांची फाइल कुठे आहे ते सांगावं. सरकारी नोकरीतल्या स्त्रियांची बाजू अधिक भक्कम आहे: केंद्र सरकारच्या कर्मचारी स्त्रीला संपूर्ण सेवेत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळू शकते. मात्र तीही आधी मंजूर करून घ्यायची असते, म्हणून अचानकच्या तापाला तिथेही बहुधा नैमित्तिक रजाच कामी येते.

काही दिवशी घरून कामाचा विषयच काढू नये. मूल पाणीही घेत नाही, बराच वेळ लघवी झालेली नाही, श्वास धापा टाकल्यासारखा चालतोय, हाक मारली तरी नीट डोळे उघडत नाही, झटका आला, किंवा बाळ तीन महिन्यांच्या आतलं आहे आणि त्याला ताप आहे, अशा वेळी ताबडतोब दवाखाना गाठायचा आणि मॅनेजरला एकच वाक्य: ‘मुलाला घेऊन हॉस्पिटलला निघालोय, आज मी नाही.’ सात तारखेचं व्याज कंपनी भरेल.

‘निघालोय’ हे पुरुषाच्या तोंडचं क्रियापद मी मुद्दाम लिहिलं. वडिलांनी असा मेसेज केला की आजही काही ऑफिसांत ‘मिसेस नाहीत का घरी?’ असा प्रश्न येतो. आईला कोणी विचारत नाही, ‘मिस्टर नाहीत का?’ आईबाप दोघंही घरी असतील, तर दिवस वाटून घेण्यासारखी चांगली सोय नाही. सकाळचा अर्धा दिवस एकाची रजा, दुपारचा दुसऱ्याची, आणि दोघांचे मेसेज दोघांच्या मॅनेजरना. ‘दीडपर्यंत मी मुलाजवळ आहे, त्यानंतर त्याची आई’ असं वडिलांनी बिनदिक्कत लिहावं. अशा मेसेजची जितक्या मॅनेजरना सवय होईल, तितका तो प्रश्न विरळ होत जाईल.

आता संध्याकाळ. चलन भरलं गेलं, पावती सरांना पाठवली. पण साधा विषाणूजन्य ताप एका दिवसात जाईलच असं नसतं, तीन दिवस तो सहज राहतो. औषधाशिवाय चोवीस तास ताप नाही, असं झाल्यावरच मुलाला पाळणाघरात पाठवावं, हा सर्वसाधारण नियम आहे. म्हणजे आज संध्याकाळी अंग गरम असेल, तर उद्याचंही ठरल्यात जमा आहे. म्हणून साडेसातच्या सुमाराला दुसरा मेसेज जातो: ‘सर, ताप अजून आहे. डॉक्टर म्हणाले व्हायरल आहे, दोन दिवस बघू. उद्याही आजच्यासारखंच करावं लागेल, अर्धी रजा आणि दीड ते साडेचार घरून. राहिलेली बिलं त्यात करते. नवरा उद्या रात्री येतोय, त्यामुळे परवा मी ऑफिसला असेन.’