वरून आलंय

प्रेस शॉपमध्ये सकाळी सातच्या शिफ्टला पाच मिनिटं उभ्याने मीटिंग होते. सेक्शन इन्चार्ज हातात प्लॅनचा कागद घेऊन उभे असतात आणि ऑपरेटर पेंगुळलेल्या डोळ्यांनी ऐकत असतात. कंपनीतला कुठलाही मोठा बदल माणसांपर्यंत पोचतो तो या पाच मिनिटांत. त्या दिवशी इन्चार्जांनी कागद वाचला आणि म्हणाले, "आजपासून ब्रॅकेटचा लॉट तीन हजाराचा. वरून आलंय. करायचं." एकाने विचारलं, "का पण?" उत्तर आलं, "मला काय माहीत, वरच्यांना विचार."

मी तेव्हा चाकणच्या एका कारखान्यात उत्पादन नियोजन बघत होतो, म्हणजे 'वरच्यां'पैकीच एक. दोनच दिवस आधी याच इन्चार्जांना आम्ही थंडगार कॉन्फरन्स रूममध्ये बसवून तासभर स्लाइड दाखवल्या होत्या. जागतिक स्पर्धा, ग्राहकाच्या वाढत्या अपेक्षा, लहान लॉटचे फायदे, सगळं त्यात होतं. शेवटी विचारलं, "काही शंका?" कुणी बोललं नाही. आम्ही समजलो, पटलं. पुढे बऱ्याच वर्षांनी माझ्या लक्षात आलं की अशा बैठकीतली शांतता हीच सगळ्यात मोठी शंका असते.

मामला साधा होता. सीटखाली लागणारा एक ब्रॅकेट आम्ही २०० टनी प्रेसवर काढायचो, तासाला सहाशे नग. लॉट बारा हजारांचा, म्हणजे वीस तासांचं काम, आणि ग्राहक दिवसाला हजार नग उचलायचा. एकदा डाय चढवली की बारा दिवसांची बेगमी. डाय बदलायला, म्हणजे सेटिंगला, दोन तास लागायचे. आता लॉट तीन हजारांचा करायचा, म्हणजे तेवढ्याच मालासाठी एकाऐवजी चार सेटिंग.

इन्चार्जांनी मनातल्या मनात गणित मांडलं होतं आणि ते चूक नव्हतं. दोन तासांच्या जागी आठ तास सेटिंग, सहा तास मशीन जास्त बंद, म्हणजे ३,६०० नगांचं नुकसान. महिन्याच्या रिपोर्टमध्ये त्यांच्या नावापुढे एकच आकडा असायचा: दर शिफ्टला किती नग. बोनस त्यावर, साहेबांची नजर त्यावर, शेजारच्या इन्चार्जशी तुलना त्यावर. आम्ही त्यांना सांगत होतो की कंपनीच्या भल्यासाठी तुमचा आकडा पाडा, आणि महिनाअखेर त्याच आकड्यावरून बोलणी खा. स्लाइडवर या गोष्टीचा उल्लेखही नव्हता.

पहिले तीन आठवडे कागदावर सगळं छान चाललं. सेटिंग रजिस्टरमध्ये दर लॉटची नोंद, वेळ, सही. मग टूलरूमच्या माणसाने सहज विचारलं, "साहेब, ब्रॅकेटची डाय ग्राइंडिंगला येतच नाही हल्ली, काय करता?" डाय रॅकचं रजिस्टर काढलं. सेटिंग रजिस्टर म्हणत होतं चार सेटिंग, आणि रॅकवरून डाय बाहेर गेल्याची नोंद होती एक. चार लॉट कार्डं फाडून माल सलग बारा हजार काढला जात होता. मी कुणाला रागावलो नाही. रागवायचा अधिकारच नव्हता, कारण कार्डं फाडणाऱ्याला आम्ही कारण दिलं नव्हतं, फक्त हुकूम दिला होता.

खरं कारण स्लाइडवर नव्हतंच. ते दोन महिन्यांपूर्वी घडलं होतं. पंचाची धार एका कोपऱ्यात उडाली आणि ब्रॅकेटच्या कडेला बर यायला लागली, म्हणजे पत्र्याची बारीक, ब्लेडसारखी कोर. डायची धार नीट बघितली जाते ती डाय मशीनवरून उतरल्यावर, टूलरूममध्ये. बारा हजारांच्या लॉटमध्ये ती संधी वीस तासांनी एकदाच येते. वरवरच्या तपासणीत बर सुटली. आठवड्याने ग्राहकाच्या वेल्डिंग लाइनवर पार्ट बसेना, तेव्हा फोन आला. बर कितव्या नगापासून सुरू झाली हे सांगता येईना, कारण बिनं एकमेकांत मिसळली होती. आमच्याकडचे आणि ग्राहकाच्या गोदामातले मिळून सहा हजार नग एकेक करून हाताने तपासावे लागले. तीन हजारांचा लॉट असता तर धार चार वेळा नजरेखालून गेली असती, आणि सटकलाच तर एका लॉटचा माल सटकला असता. बदलामागचं कारण एवढंच होतं. पण ग्राहकाकडची नाचक्की खालच्यांना कशाला सांगायची, असं वर ठरलं आणि त्या जागी जागतिक स्पर्धा आली.

दुसऱ्या खेपेला प्लँट हेडनी कॉन्फरन्स रूम घेतली नाही. पाचही इन्चार्जांना घेऊन ते स्टोअरच्या मागच्या शेडमध्ये गेले. तिथे कॉन्ट्रॅक्टचे आठ जण अजून त्या प्रकरणातले उरलेले ब्रॅकेट घेऊन बसले होते, प्रत्येकाच्या हातात कानस, बोटांना चिकटपट्ट्या. साहेबांनी ढिगातून दोन नग उचलले आणि वयाने सगळ्यांत मोठ्या इन्चार्जच्या हातात दिले. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. "अण्णा, यातला लॉटच्या सुरुवातीचा कुठला आणि शेवटचा कुठला?" अण्णांनी चष्मा वर केला, उजेडाकडे धरून बघितलं, मग अंगठा फिरवला आणि झटकन मागे घेतला. "बघून नाय कळत," ते म्हणाले, "हात लावला तर कळतं." "मग ऑपरेटरला तरी कसं कळणार होतं?" साहेबांनी विचारलं. पुढचं बोलणं इन्चार्जांनीच केलं.

हीच युक्ती फार पूर्वी अमेरिकेत एका पायजम्याच्या कारखान्यात वापरली गेली होती, हे मला नंतर वाचायला मिळालं. व्हर्जिनियातल्या मॅरियन गावचा हारवुड कारखाना. लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच यांनी तिथे केलेला प्रयोग १९४८ साली प्रसिद्ध झाला. कामाच्या पद्धतीत बदल करायचा होता. एका गटाला छोट्या बैठकीत फक्त कारण सांगितलं आणि नवा दर जाहीर केला. एका गटाने आपले प्रतिनिधी दिले. दोन छोट्या गटांतल्या सगळ्यांनाच नवी पद्धत ठरवण्यात घेतलं. बैठकीत दोन सारखे कपडे दाखवले, एक १९४६ चा, दुसरा १९४७ चा. पहिला दुसऱ्याच्या दुप्पट किमतीला विकला गेला होता. स्वस्त कुठला, असं विचारलं तर कुणाला ओळखता आला नाही. खर्च का कमी करायचा, यावर मग वेगळं भाषण लागलं नाही. फक्त सांगितलेल्या गटातले १७ टक्के लोक पहिल्या चाळीस दिवसांत नोकरी सोडून गेले. बाकीच्या गटांतलं कुणी गेलं नाही. मला सगळ्यात बोलका वाटतो तो पुढचा भाग. नापास झालेल्या गटातले उरलेले तेरा जण काही महिन्यांनी पुन्हा बदलाला सामोरे गेले, या वेळी सहभागी करून, आणि त्यांनी पटकन वेग पकडला. माणसं तीच होती.

अर्थात ते कामगार होते, मधले साहेब नव्हते, आणि गट लहान होते. मधल्या माणसाची अडचण एक पायरी जास्त आहे. त्याला स्वतःला पटून भागत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्याला प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात.

म्हणून शेडमधून परतल्यावर फळा आणला आणि ऑपरेटर काय काय विचारतील ते इन्चार्जांनाच लिहायला लावलं. पहिलाच प्रश्न आला, "ओव्हरटाइम जाणार का?" आमच्यातल्या एकाने लगेच सावरायचा प्रयत्न केला, "तसं काही नाही..." प्लँट हेडनी त्यांना थांबवलं. सॉर्टिंगचा ओव्हरटाइम जाईल, तो जावा म्हणूनच हे चाललंय. माणूस मात्र कमी होणार नाही, हे मी लेखी देतो, असं ते म्हणाले. दुसरा प्रश्न: आकडा पडला तर? त्यावर रिपोर्टचा रकाना बदलला. या प्रेसपुरते दर शिफ्टचे नग काढून टाकले आणि त्या जागी 'प्लॅनप्रमाणे पूर्ण झालेले लॉट' आले. माझ्या मते त्या सगळ्या दिवसात कारण पटवणारी गोष्ट हीच झाली. मोजमाप जुनंच राहिलं असतं तर आमचं शेडमधलं नाटक वाया गेलं असतं, आणि अण्णांनी पुन्हा कार्डं फाडली असती.

एक गोष्ट मात्र साहेबांनी आधीच स्पष्ट केली होती. लॉट लहान करायचा की नाही, हा प्रश्न खुला नाही. किती लहान, सेटिंगची वेळ कशी कमी करायची, कुठल्या पार्टपासून सुरू करायचं, हे तुम्ही ठरवा. आधीच ठरलेल्या गोष्टीवर 'तुमचं मत काय' असं विचारण्यासारखा अपमान दुसरा नाही, आणि इन्चार्ज तो लगेच ओळखतात.

मग प्रत्येकाने आपल्या शब्दांत दोन मिनिटं बोलून दाखवलं, बाकीचे ऑपरेटर झाले. त्यात मजा आली. ऑपरेटरच्या भूमिकेत शिरलेल्या इन्चार्जांनी एकमेकांची अशी सालटी काढली की खरे ऑपरेटर परवडले. एकाचं बोलणं अजूनही स्लाइडसारखंच होतं, "ग्राहककेंद्री दृष्टिकोन" वगैरे. अण्णांनी त्याला हटकलं, "मराठीत बोल की." दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी खिशातून बर आलेला ब्रॅकेट काढला, पहिल्या ऑपरेटरच्या हातात दिला आणि म्हणाले, "जपून धर, कापेल."

सगळे राजी झाले नाहीत. दुसऱ्या शिफ्टचे इन्चार्ज शेवटपर्यंत म्हणत राहिले की दोन तासांच्या सेटिंगवर तीन हजारांचा लॉट म्हणजे वेडेपणा आहे. चार सेटिंग जुन्या दोन तासांत बसवायची तर प्रत्येक सेटिंग तीस मिनिटांत व्हायला हवं, आणि ते होणार नाही. "पटलं नाही," ते म्हणाले, "पण चालवून दाखवतो. तीन महिन्यांनी घड्याळ बघू." आम्हाला तेवढं पुरे होतं. कार्डं फाडणाऱ्या होकारापेक्षा असा नकार कधीही चांगला.

त्यांनी खरंच चालवून दाखवलं. बोल्ट सारख्या मापाचे केले, डायची उंची एकसारखी करायला खाली पट्ट्या लावल्या, पुढची डाय मशीन चालू असतानाच ट्रॉलीवर आणून ठेवायला लागले. जपानमध्ये शिगेओ शिंगो यांनी टोयोटाच्या हजार टनी प्रेसचं चार तासांचं सेटिंग असल्याच उपायांनी तीन मिनिटांवर आणलं होतं. आमचं तीन महिन्यांनी ४२ मिनिटांवर आलं आणि तिथेच अडलं. क्रेन एकच होती.

ठरल्याप्रमाणे घड्याळ बघितलं. दुसऱ्या शिफ्टच्या इन्चार्जांनी फळ्यावर हिशेब मांडला: चार हजारांचा लॉट केला तर बारा हजारांना तीन सेटिंग, तीन वेळा ४२ म्हणजे १२६ मिनिटं, जवळपास जुने दोन तास. प्लँट हेडनी फळ्याकडे थोडा वेळ बघितलं, डस्टर घेतला आणि तीन हजार पुसून तिथे चार हजार लिहिले.