बोळात ऊन कधी उतरतं?

पुण्याच्या जुन्या पेठांतल्या गल्ल्या-बोळांचे फोटो आमच्या हौशी छायाचित्रकारांच्या गटाने यंदा एकत्र मांडले आहेत. जागा जंगली महाराज रस्त्यावरचं बालगंधर्व कलादालन. १९ ते २१ नोव्हेंबर, सकाळी १० ते रात्री ८. प्रवेश मोफत. गटात बँकेतले आहेत, शिक्षक आहेत, निवृत्त आहेत. फोटोवर पोट असणारा एकही नाही.

आल्यावर आधी एक जोडी बघा. कसबा पेठेतला पूर्व-पश्चिम जाणारा एक बोळ, जेमतेम तीन मीटर रुंद, दक्षिणेला दुमजली वाड्याची सात मीटर उंच भिंत. दोन्ही फोटो एकाच जागेवरून, भर दुपारी काढलेले. डिसेंबरात पुण्यात सूर्य दुपारीसुद्धा साधारण ४८ अंशांवरच असतो, त्यामुळे त्या भिंतीची सावली सहा मीटरांहून लांब पडते आणि समोरच्या भिंतीवरही चढते. जमिनीवर ऊन नाहीच. फरशी निळसर, गार. मे महिन्याच्या मध्यावर सूर्य डोक्यावर येतो, तेव्हा तोच बोळ पांढराफटक दिसतो. एक आजोबा आणि त्यांची खुर्ची मात्र दोन्ही फोटोंत आहेत. मे महिन्यात खुर्ची दाराच्या आत सरकली आहे, एवढाच फरक.

अशा बोळात कॅमेऱ्याची पंचाईत होते. वर आभाळाची झगझगीत पट्टी आणि खाली अंधार. अंधाराला धरून प्रकाश मोजला, तर आभाळ जळून कोरं पांढरं होतं. आभाळाला धरलं, तर माणसं काळी पडतात. म्हणून बरेच जण चौकटीतून आभाळच वगळतात. वाडा पूर्ण मावावा म्हणून कॅमेरा वर उचलला, की भिंती वरच्या बाजूला एकमेकींकडे कलतात. त्यावर उपाय म्हणजे समोरच्या घराच्या माडीवर जाऊन कॅमेरा सरळ धरायचा. माडीवर जाऊ देणारं घर मिळवणं हे लेन्स मिळवण्यापेक्षा अवघड, पण तिथे चहाही मिळतो!

रुंद कोनाच्या लेन्सपासून मात्र सावध. तिच्यातून बोळ हमरस्त्याएवढा ऐसपैस दिसतो. असे दोन-तीन फोटो प्रदर्शनातही आहेत, आणि माझ्या मते ते नसते तरी चाललं असतं. तांबट आळीतला फोटो त्यांच्या नेमका उलट आहे. शटर सेकंदाच्या पंधराव्या भागाइतकं उघडं ठेवलेलं, त्यामुळे मठारणाऱ्या कारागिराचा हातोडा धूसर रेघ झाला आहे आणि तांब्याचा हंडा स्पष्ट. पाचशेव्या भागाला तो हातोडा हवेत गोठला असता आणि काम थांबल्यासारखं दिसलं असतं.

रोज सायंकाळी ५ वाजता फोटो काढणारे कलादालनात असतील. पेठेत राहिलेल्यांनी घरातले जुने फोटो आणावेत. ते तिथेच पाहून परत देऊ. जागा ओळखता आली, तर त्याच ठिकाणाहून नवा फोटो काढायचा विचार आहे.