फीडिंग ब्रेक मागायचा कसा? बाळंतपणाच्या रजेनंतरचा अर्ज

आजचा भाग ज्यांची प्रसूती रजा संपत आली आहे त्यांच्यासाठी आहे. घरात अशी बहीण, वहिनी किंवा बायको असेल तर तिलाही ऐकवा. भाग ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांसाठी नेहमीप्रमाणे हे लिखाण.

ऑफिसात दोन गोष्टी मागायच्या असतात: बाळाला पाजायला वेळ आणि त्यासाठी जागा. बहुतेक जणी दोन्ही एकाच वाक्यात मागतात आणि तिथेच गाडी अडते. साहेब म्हणतात, "मॅडम, इथे रूम कुठे आहे?" आणि जागेबरोबर वेळेचाही विषय संपतो. खरं तर या दोन मागण्यांचं वजन सारखं नाही. वेळ हा कायद्याने दिलेला हक्क आहे. जागेचं तसं नाही, ती बोलून मिळवावी लागते. म्हणून अर्जात दोन्ही वेगवेगळ्या लिहायच्या.

आधी वेळेचं बघू. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याचं ११ वं कलम म्हणतं की, बाळंतपणानंतर कामावर परतलेल्या बाईला बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन ब्रेक द्यायचे, आणि तेही नेहमीच्या विश्रांतीच्या सुट्टीशिवाय. म्हणजे लंच ब्रेक वेगळा आणि हे दोन वेगळे. "लंचमध्ये जाऊन या की" हे उत्तर चालत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण हक्क तोच राहिला, फक्त कलमाचा नंबर बदलला. आता ब्रेकसाठी कलम ६६ आहे, आणि त्या ब्रेकचे पैसे पगारातून कापता येत नाहीत यासाठी कलम ६९. अर्जात हे दोनच नंबर टाका. जास्त कलमं लिहिली की समोरचा माणूस वकिलाकडे पळतो.

ब्रेक किती मिनिटांचा? ते कायद्यात नसतं, नियमांत असतं. खाणी आणि सर्कशीतल्या बायकांसाठी १९६३ साली केंद्राने नियम केले (हो, सर्कशीतल्या!). त्यात प्रत्येक ब्रेक पंधरा मिनिटांचा आहे. आणि बाळ ठेवलंय ती जागा कामाजवळ नसेल, तर जाण्यायेण्यासाठी वर पाच ते पंधरा मिनिटं. मला त्यातली शब्दरचना महत्त्वाची वाटते. ते फक्त पाळणाघर म्हणत नाहीत, 'बाळ जिथे ठेवलंय ती जागा' असंही म्हणतात. तुळजापूरसारख्या गावात ती जागा म्हणजे बहुतेक वेळा घरच, आजीजवळ. हे नियम तुमच्या दुकानाला किंवा बँकेला थेट लागू होत नाहीत, पण वेळ किती मागायचा याचं माप म्हणून धरायला उत्तम.

आता मर्यादा. दुकान किंवा खासगी ऑफिस असेल तर हे कलम दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे लागू होतं. मोजताना फक्त बायका नाही, सगळे कर्मचारी धरायचे. मंदिर रस्त्यावरच्या चार माणसांच्या दुकानात काम करणाऱ्या ताईला हा कायदा उपयोगी पडत नाही, तिला मालकाशी समजुतीनेच घ्यावं लागतं. आणि पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघर बंधनकारक आहे. तिथे आईला विश्रांतीची सुट्टी धरून दिवसातून चार वेळा जाता येतं. आपल्याकडे पन्नासचा आकडा गाठणारी ऑफिसं थोडी, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही.

माझंच उदाहरण सांगते. मी एका खासगी फायनान्स कंपनीच्या शाखेत काम करते, नाव कशाला घ्यायचं. आम्ही सगळे मिळून चौदा जण. मी परतले तेव्हा बाळ पाच महिन्यांचं होतं, म्हणजे माझ्या हातात दहा महिने होते. कामाची वेळ साडेनऊ ते सहा, लंच दीड वाजता. घर चालत जेमतेम पाच मिनिटांवर, बाळ सासूबाईंजवळ. घरून नऊला पाजून निघायचं, मग साडेअकरा, दीड, साडेतीन आणि घरी परतल्यावर सहा. कागदावर मांडलं की दिसतं, दोन ब्रेक आणि लंच मिळून दोन ते अडीच तासांच्या वर खंड पडत नाही. पंधरा मिनिटं पाजायला आणि दहा जाण्यायेण्याला, असे पंचवीस पंचवीस मिनिटांचे दोन ब्रेक. दिवसाची पन्नास मिनिटं.

रुजू व्हायच्या पंधरा दिवस आधी मी हा अर्ज ईमेलने पाठवला आणि एक प्रत हातात देऊन पोच घेतली. पोच म्हणजे आपल्या प्रतीवर सही, तारीख, शिक्का. मजकूर असा होता:

"महोदय, मी अमुक तारखेला प्रसूती रजेवरून रुजू होत आहे. माझे बाळ अमुक तारखेला पंधरा महिन्यांचे होईल. सामाजिक सुरक्षा संहिता २०२०, कलम ६६ नुसार तोपर्यंत मला रोज ११.३० आणि ३.३० वाजता स्तनपानासाठी ब्रेक मिळावा, ही विनंती. जाण्यायेण्यासह प्रत्येकी २५ मिनिटे लागतील. कलम ६९ नुसार या वेळेची पगारातून कपात होऊ नये. या वेळात काउंटरचे काम कोणाकडे द्यावे हे आपण ठरवावे, माझ्याकडून एक सूचना सोबत जोडली आहे. आपली विश्वासू."

जागेचा यात एक शब्दही नाही, तो दुसरा अर्ज. आणि ती शेवटची सूचना फार कामाची. साहेबांची खरी अडचण कायदा नसते, साडेअकराला काउंटरवर कोण बसणार ही असते. मी आधीच एका सहकाऱ्याशी बोलून ठेवलं होतं. ती माझं काउंटर बघणार आणि तिच्या चहाच्या वेळी मी तिचं. उत्तर आलं, "ठीक आहे, पण सहा ऐवजी पावणेसातला निघा." मी ईमेलवर एवढंच विचारलं की हे कलम ६९ मध्ये कसं बसतं. कारण ब्रेकचा वेळ नंतर भरून घेणं म्हणजे कपातच, फक्त पैशांऐवजी मिनिटांची. त्यावर उत्तर आलं नाही, पण मी सहाला निघत राहिले आणि कोणी अडवलं नाही.

मग जागा कशाला? कारण तुळजापूर. शारदीय नवरात्रात आणि पुढे कोजागरीपर्यंत इथले रस्ते भाविकांनी भरतात, बॅरिकेड लागतात, पाच मिनिटांच्या वाटेला अर्धा तास लागतो. त्या दिवसांत घरी जाऊन पाजणं शक्य नाही, ऑफिसातच दूध काढून ठेवावं लागतं. नाही काढलं तर छाती दाटते, दूध साकळतं, गाठी होतात. गाठीची जागा लाल, गरम झाली आणि ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं.

इथे एक अडचण सांगायला हवी. कलम ६६ मध्ये बाळाला पाजण्यासाठी ब्रेक आहे. पंपाने दूध काढण्याचा उल्लेख नाही, आणि फीडिंग रूमचाही नाही. मग कशाच्या आधारावर मागायचं? आपल्याकडे शब्द तयार आहे, हिरकणी कक्ष. रायगडाचा कडा उतरून तान्ह्याकडे धावलेल्या गवळणीचं नाव. एसटी स्टँडवर ती पाटी तुम्ही पाहिली असेल. १९ फेब्रुवारी २०२५ ला सुप्रीम कोर्टानेही राज्यांना सार्वजनिक इमारतींत फीडिंग रूम करायला सांगितलं. तो निकाल खासगी ऑफिसवर बंधनकारक नाही. म्हणून अर्जात "कायद्याने द्याच" असं लिहू नका. "सरकारी इमारतींत हे अपेक्षित आहे, आपणही करावे" एवढंच लिहा.

पण पाटी लावली म्हणजे खोली झाली असं नाही. देवळालीच्या आमदार सरोज अहिरे डिसेंबर २०२२ मध्ये अडीच महिन्यांचं बाळ घेऊन नागपूर अधिवेशनाला आल्या, तेव्हा विधानभवनात हिरकणी कक्ष झाला. दोन-तीन महिन्यांनी मुंबईच्या अधिवेशनात आल्या तर कक्षात धूळ होती, सोयी नव्हत्या, आणि पत्रकारांसमोर त्यांना रडू आलं. आमदाराची ही गत, तर आपण नेमकं मागितलेलं बरं.

मी चार गोष्टी लिहिल्या: आतून लागणारी कडी, एक खुर्ची, एक प्लग आणि जवळ हात धुवायला पाणी. नवी खोली मागितलीच नाही, आमच्या रेकॉर्ड रूमची दोन ठरावीक वेळा मागितली. मिळाल्यावर सगळ्यात आधी छताकडे बघा. आमच्या रेकॉर्ड रूममध्ये सीसीटीव्ही होता. "बंद आहे मॅडम" यावर विसंबून राहू नका, त्या वेळेपुरता कॅमेऱ्यावर कापड बांधा किंवा जागा बदलून घ्या. कॅमेऱ्याबद्दलचं बोलणंही ईमेलवर ठेवा. आणि बाथरूममध्ये जाऊन काढा असं कोणी सुचवलं तर साधं उत्तर द्या: बाळाचं जेवण आहे ते, तिथे बनत नाही.

काढलेलं दूध साधारण पंचवीस अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं. आपला उन्हाळा चाळिशीच्या आसपास जातो, तेव्हा हा हिशोब धरूच नका. बर्फाच्या गोठवलेल्या पॅकसोबत थर्मल पिशवीत ते चोवीस तास चालतं, घरच्या फ्रिजमध्ये आत मागच्या बाजूला चार दिवस. बाटलीवर तारीख आणि वेळ लिहा, नाहीतर सासूबाई आणि तुमच्यात "हे कालचं की आजचं?" चालू राहील. गरम करताना थेट गॅसवर नको, बाटली कोमट पाण्यात ठेवायची.

लेखी नकार आला, किंवा उत्तरच आलं नाही, तर आठवडाभराने एक स्मरणपत्र द्या. कंपनीचं हेड ऑफिस पुण्या-मुंबईत असेल तर तिथल्या एचआरला तोच ईमेल पुढे पाठवा. बऱ्याचदा शाखेतल्या साहेबांना कायदा माहीत नसतो आणि एचआरला असतो. तिथेही काही झालं नाही तर धाराशिवच्या कामगार कार्यालयात तक्रार देता येते. सोबत तीन कागद न्या: पोच असलेला अर्ज, नेमणूक पत्र, बाळाचा जन्मदाखला. पगार कापला असेल तर पगाराची स्लिपही. तक्रार फक्त ब्रेक आणि कपातीबद्दल करा, जागेबद्दल नको, कारण अधिकाऱ्याच्या हातात तेवढंच आहे.

माझे पंधरा महिने फेब्रुवारीत संपतात. तोपर्यंत साडेतीनच्या ब्रेकला बाळ वरण-भात खायला लागलेलं असेल, पण अर्जावर लिहिलेल्या तारखेपर्यंत तो ब्रेक माझाच आहे. पुढच्या भागात बाळंतपणाच्या रजेतल्या पगाराचा हिशोब घेऊ. तुमच्या ऑफिसात काय उत्तर मिळालं ते व्हॉइस नोटने कळवा.