बिल जूनचं, पैसे ऑगस्टअखेर

पुण्यातली एखादी स्वतंत्र ग्राफिक डिझायनर घ्या. १ जूनला काम सुरू केलं, ३० जूनला ते पोचवून ६० हजारांचं बिल लावलं. मुदत ३० दिवसांची. पण हा ग्राहक मुदतीनंतर महिनाभर लांबवतो, हे तिला मागच्या बिलांवरून माहीत आहे. म्हणजे जूनच्या कामाचे पैसे ऑगस्टअखेर येणार, तेही १० टक्के टीडीएस कापून ५४ हजार.

गंगाजळी किती हवी, याचं उत्तर या तारखांमध्येच आहे. काम सुरू झाल्यापासून पैसे हाती येईपर्यंत तीन महिने जातात. घरखर्च महिना ४० हजार असेल तर १ लाख २० हजार बाजूला हवेत. सगळ्यात उशिरा पैसे देणारा ग्राहक धरूनच हा हिशेब करावा, सरासरी धरली तर नेमक्या अडचणीच्या महिन्यात पैसे कमी पडतात. ही रक्कम वेगळ्या खात्यात ठेवायची आणि दर १ तारखेला तिथून स्वतःला ४० हजारांचा पगार द्यायचा. येणारी सगळी बिलं आधी त्याच खात्यात जमा करायची. जीएसटी नोंदणी असेल तर आणखी एक भार पडतो. ग्राहकाने पैसे दिले नसले तरी बिलावरचा कर साधारण पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावाच लागतो. तो घरखर्चाच्या रकमेत धरू नये.

पैसे अडकतात ते पुष्कळदा अकाउंट्स विभागात. बिलावर पीओ क्रमांक नसतो, किंवा महिन्यातून एकदाच पेमेंट निघतं आणि त्याची तारीख हुकते. काम देणाऱ्या मॅनेजरला याचा पत्ताही नसतो. म्हणून पहिला निरोप मुदत संपण्याच्या चार-पाच दिवस आधी आणि दोघांनाही जावा: ‘नमस्कार, ३० जूनचं बिल क्र. १२, रक्कम ६० हजार, ३० जुलैला देय आहे. ते पेमेंटसाठी लागलं आहे का? माझ्याकडून काही कागद हवा असल्यास कळवावं.’ मुदत उलटली की आठवड्याने बिल पुन्हा जोडून एकच प्रश्न विचारावा: पेमेंट कोणत्या तारखेला निघेल? ‘लवकरच’ हे उत्तर आलं, तर अकाउंट्सला फोन करून तारीख घ्यावी आणि ती लगेच मेलवर लिहून ठेवावी. घरच्या अडचणी सांगायची गरज नाही, हे पैसे तिच्या हक्काचे आहेत.

एवढ्यानेही हललं नाही, तर २००६ चा एमएसएमई कायदा आहे. काम सुरू करण्याआधीच ‘उद्यम’ नोंदणी केलेली असावी. ती मोफत असते. लेखी करार असला तरी काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे पैसे थकवता येत नाहीत, करार नसेल तर १५ दिवसांपलीकडे. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं आणि ऑनलाइन तक्रार करता येते. पण तक्रार केली की तो ग्राहक बहुधा हातचा जातो, म्हणून ती शेवटीच करावी.

त्याआधी फेब्रुवारी-मार्चमधलं एक पत्र बरंच काम करतं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं असं मुदतबाह्य देणं ३१ मार्चपर्यंत दिलं नाही, तर ग्राहकाला त्या वर्षी आयकरात तो खर्च वजा करता येत नाही. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून हा नियम लागू आहे. पत्रात उद्यम क्रमांक आणि बिलाची तारीख दिली, की कंपनीचा अकाउंटंट पुढचं स्वतःच ताडून पाहतो.